प्रत्येक गट गरजेचा, तरीही उत्तर महाग

पाच स्विच आणि एक दिवा. प्रत्येक स्विच बंद किंवा चालू, म्हणजे एकूण ३२ स्थिती. त्यांतल्या काही स्थितींत दिवा लागला पाहिजे, उरलेल्यांत लागता कामा नये. ही यादी ठरली की सर्किट करणाऱ्यापुढे एकच काम उरतं: कमीत कमी गेट वापरून ती तंतोतंत पाळायची. चार स्विचपर्यंत इंजिनिअरिंगची मुलं के-मॅप काढून मोकळी होतात. सोळा घरं, शेजारशेजारचे एक हेरायचे आणि त्यांना वेढा घालायचा. पाचवा स्विच आला की सोळा घरांचे दोन मॅप एकावर एक ठेवलेत असं मनात धरावं लागतं, आणि मग वरच्या-खालच्या घरांचं शेजारपण नजरेतून निसटतं.

अशा वेळी तक्त्याची रीत कामी येते. हार्वर्डमधले तत्त्वज्ञ विलर्ड क्वाइन यांनी तिचा पाया १९५२ साली तर्कशास्त्राच्या अंगाने घातला आणि एडवर्ड मॅक्लस्की यांनी १९५६ मध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये तिला सर्किटवाल्यांच्या उपयोगाचं रूप दिलं. तेव्हापासून दोघांच्या नावांनी ती शिकवली जाते. वर्गात सांगतात की ही रीत यांत्रिक आहे, डोकं न लावता करता येते. हे बरंचसं खरं आहे. पण तिच्यात एक जागा अशी येते की तक्ता गप्प बसतो आणि निवड आपल्यालाच करावी लागते. खरी गंमत त्या जागेची आहे, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू.

स्विचना A, B, C, D, E म्हणू. A सर्वांत डावीकडचा. पाचही अंक ओळीने लिहिले की एक द्विमान संख्या तयार होते; ०१००१ म्हणजे ९. समजा दिवा या चौदा स्थितींत लागायचा आहे: ०, १, २, ५, ६, ७, ८, ९, १०, १३, १४, १५, २९, ३१.

पहिलं काम वर्गवारीचं. प्रत्येक संख्येत एक किती वेळा आलाय ते मोजायचं आणि तेवढ्यावरून थर लावायचे.

```
शून्य एक   ०
एक एक     १, २, ८
दोन एक    ५, ६, ९, १०
तीन एक    ७, १३, १४
चार एक    १५, २९
पाच एक    ३१
```

आता फक्त लागून असलेल्या थरांतल्या संख्या ताडून पाहायच्या. दोन संख्या एकाच जागी वेगळ्या असतील, तर त्या जागेचा स्विच बंद असो वा चालू, दिवा लागतोच. मग त्याची चौकशी कशाला? तिथे आडवी रेघ मारायची. १ आणि ९, म्हणजे ००००१ आणि ०१००१, मिळून ०-००१ होतात.

घाईत लोक इथे पाटीवरचा एक नियम वापरतात: वजाबाकी १, २, ४, ८ किंवा १६ आली की जोडी जुळली. हा नियम अर्धाच आहे. आपल्याच यादीत ८ पहिल्या थरात आहे आणि ६ दुसऱ्या थरात, फरक २. पण ०१००० आणि ००११० तीन जागी वेगळे आहेत. खालच्या थरातली संख्या आकड्यानेही मोठी असेल तरच वजाबाकीवर विश्वास ठेवावा. ९ आणि ७ यांच्याबाबतीतही हीच चूक होऊ शकते. अशी एक खोटी जोडी शिरली की पुढचा सगळा तक्ता नेटका दिसतो आणि उत्तर मात्र चुकतं.

नीट केलं तर २१ जोड्या निघतात. मग जोड्यांच्या जोड्या: रेघ त्याच जागी असली पाहिजे आणि फरक पुन्हा एकाच जागी. त्यातून चार-चार संख्यांचे गट मिळतात. प्रत्येक गट दोन वाटांनी, म्हणजे दोनदा, सापडतो. एक नोंद खोडायची. एकदाच सापडला तर कुठेतरी एखादी जोडी राहून गेली असं समजावं, कारण ही पडताळणी फुकटात मिळते. आठ-आठचा गट इथे होत नाही आणि एकही जोडी एकटी उरत नाही. शेवटी हाती येतात सात गट. पुढे वाढवता न येणाऱ्या अशा गटाला प्राइम इम्प्लिकंट म्हणतात. आपण नुसतं गट म्हणू.

```
क   ०-००-   ०, १, ८, ९        A'C'D'
ख   ०--०१   १, ५, ९, १३       A'D'E
ग   ०-१-१   ५, ७, १३, १५      A'CE
घ   ०-११-   ६, ७, १४, १५      A'CD
च   ०--१०   २, ६, १०, १४      A'DE'
छ   ०-०-०   ०, २, ८, १०       A'C'E'
ज   -११-१   १३, १५, २९, ३१    BCE
```

A' म्हणजे A बंद. प्रत्येक गट हे तीन इनपुटचं एक अँड गेट, आणि ती सगळी गेटं शेवटी एका ऑर गेटात जातात. म्हणून जितके गट कमी, तितकं सर्किट स्वस्त.

दुसरा तक्ता निवडीचा. आडव्या ओळींत गट, उभ्या रकान्यांत चौदा स्थिती, आणि गटात स्थिती असेल तिथे फुली. ज्या रकान्यात एकच फुली आहे तिथे पर्याय नाही. २९ आणि ३१ फक्त ज मध्ये आहेत, त्यामुळे ज घ्यावाच लागतो. त्याच्याबरोबर १३ आणि १५ हेही रकाने मिटतात. पुढे ८ चा रकाना ० सारखाच निघतो, कारण दोन्हींत क आणि छ. त्याचप्रमाणे ९ हा १ सारखा, १० हा २ सारखा, १४ हा ६ सारखा. जुळ्यांपैकी एक ठेवला की दुसरा आपोआप सांभाळला जातो.

उरतात सहा रकाने आणि सहा गट.

```
      ०   १   ५   ७   ६   २
क     ×   ×
ख         ×   ×
ग             ×   ×
घ                 ×   ×
च                     ×   ×
छ     ×                   ×
```

हाच चक्री तक्ता. प्रत्येक रकान्यात दोन फुल्या, प्रत्येक ओळीत दोन फुल्या. सक्तीचा गट नाही, एखादा गट दुसऱ्याला पूर्ण गिळतोय असंही नाही. कागदावर षटकोन काढा, कोपऱ्यांवर ०, १, ५, ७, ६, २ लिहा आणि बाजूंना क ते छ. तक्ता तोच राहतो. कुठूनही पाहिलं तरी चित्र सारखंच, म्हणून तक्त्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

इथे बरेच जण डोळ्यांना बरं दिसेल ते उचलतात. समजा कोणी क घेतला आणि समतोल म्हणून समोरची बाजू घ घेतली. ०, १, ६, ७ झाले. ५ राहिला, त्यासाठी ख घेतला. २ राहिला, त्यासाठी च. आता हा माणूस आपलं उत्तर तपासतो. क काढला तर ० उघडा पडतो, ख काढला तर ५, घ काढला तर ७, च काढला तर २. एकही गट फालतू नाही. तो समाधानाने ज सकट पाच गटांचं उत्तर लिहून देतो, आणि उत्तर महाग असतं. सर्किट बरोबर चालेल, त्यामुळे चूक कधी उघडकीलाही येणार नाही. एकही गट काढता न येणं आणि गटांची संख्या सर्वांत कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चक्री तक्त्यात त्या फारकत घेऊ शकतात.

मग प्रामाणिक रीत कोणती? एक रकाना धरायचा आणि त्याचे सगळे पर्याय करून पाहायचे. ० चा रकाना घेऊ. तो क ने झाकला जाईल किंवा छ ने; तिसरी वाट नाही.

आधी क घेतला. ० आणि १ मिटले. आता ख कडे फक्त ५ उरला, पण ग कडे ५ आणि ७ दोन्ही आहेत. दोघांची किंमत सारखीच, तेव्हा ख बाद. छ कडे फक्त २, तर च कडे २ आणि ६, छ बाद. ख गेल्यावर ५ साठी ग सक्तीचा झाला, छ गेल्यावर २ साठी च. ७ आणि ६ त्यांतच आले. एक निवड केल्याबरोबर चक्र तुटलं आणि बाकीचं काम पुन्हा यांत्रिक झालं. उत्तर: क, ग, च.

मग पहिला पर्याय पुसून छ घेतला. त्याच चालीने क आणि च गळतात, ख आणि घ सक्तीचे होतात. उत्तर: छ, ख, घ. दोन्ही वाटांनी तीनच गट.

तीनपेक्षा कमीत भागणार नाही हेही लगेच कळतं. ०, ५ आणि ६ हे रकाने पाहा: पहिल्याला क-छ, दुसऱ्याला ख-ग, तिसऱ्याला घ-च. एकही गट सामाईक नाही, म्हणून तीन रकान्यांना तीन गट लागणारच. मोठ्या तक्त्यांत हा आडाखा फार वेळ वाचवतो. एखाद्या वाटेवर किमान लागणारे गट आजवरच्या सर्वोत्तम उत्तराइतके झाले, की ती वाट तिथेच सोडायची. एका चक्राच्या पोटात दुसरं चक्र निघतं तेव्हा याची विशेष गरज पडते.

दुसरी रीत पेट्रिक यांची, तीही १९५६ चीच. प्रत्येक रकान्याची अट बेरजेत लिहायची आणि सगळ्या अटींचा गुणाकार करायचा:

```
(क+छ)(क+ख)(ख+ग)(ग+घ)(घ+च)(च+छ)
= (क + खछ)(ग + खघ)(च + घछ)
```

कंस सोडवून मोठ्या पदांत सामावलेली लहान पदं ठेवली की पाच उत्तरं उरतात: कगच, खघछ, कगघछ, कखघच आणि खगचछ. पहिली दोन तीन गटांची, पुढची तीन चार गटांची. मघाच्या समाधानी माणसाचं उत्तर त्यांत चौथं आहे. पेट्रिकची रीत काहीच लपवत नाही, पण रकाने वाढले की गुणाकार हाताबाहेर जातो. त्यामुळे हाताने करताना मी वाटा फोडण्याची रीतच पसंत करतो. स्विच खूप वाढले की संगणकालाही नेमकं किमान उत्तर शोधणं जड जातं. प्रत्यक्षातली सॉफ्टवेअर बहुतेकदा पुरेशा चांगल्या उत्तरावर थांबतात.

ज जोडून आपली दोन अंतिम उत्तरं अशी:

```
F = BCE + A'C'D' + A'CE + A'DE'
F = BCE + A'D'E + A'CD + A'C'E'
```

दोन्हींत चार अँड गेटं, प्रत्येकाला तीन इनपुट. किमतीवरून निवड होत नाही, आवडेल ते घ्या.

मात्र वापरण्याआधी एक पाहा. पहिल्या उत्तरात ० वरून २ वर जाताना फक्त D बदलतो आणि दिवा दोन्हीकडे लागलेलाच हवा. पण ० सांभाळतो क आणि २ सांभाळतो च. एक गेट सुटलं आणि दुसरं अजून पोचलं नाही, तर आउटपुट क्षणभर शून्यावर जाऊन येतं. या दोन्ही स्थिती एकत्र धरणारा छ आपणच काटकसरीत टाकून दिलेला असतो. दुसऱ्या उत्तरात हाच धोका ० आणि १ यांच्यामध्ये आहे. आउटपुट क्लॉकच्या ठोक्याला वाचलं जाणार असेल आणि तोवर ते स्थिरावत असेल, तर चार गट पुरतात. ते थेट दुसऱ्या सर्किटचा क्लॉक किंवा रीसेट म्हणून जाणार असेल, तर सातही गट ठेवा.