धूर काळा की पातळ?

नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टरचं गॅरेज कसं चालतं ते पाहून या, असं संपादक म्हणाले, म्हणून जालना रस्त्याने करमाडच्या बाजूला गेलो. तिथे दिवसभर एकाच ट्रॅक्टरपाशी थांबलो. पंचेचाळीस-पन्नास हॉर्सपॉवरचा, दिसायला धडधाकट. रस्त्यावर काही तक्रार नाही. काळ्या रानात पलटी नांगर लावला की पंधरा-वीस मिनिटांत दम सोडायचा, गचके खायचा आणि बंद पडायचा. थोडं थांबलं की पुन्हा चालू.

मिस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी मालकाला विचारलं, "दादा, बंद पडताना धूर कसा असतो?"

या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. नांगर रुतला की इंजिनचे फेरे उतरतात आणि गव्हर्नर पंपाला जास्त डिझेल सोडायला लावतो. त्या डिझेलला पुरेशी हवा मिळाली नाही, तर ते अर्धवट जळून काळा धूर निघतो. मग एअर क्लीनर उघडायचा. नांगरटीच्या धुळीत त्यातलं ऑइल एका दिवसात चिखल होतं. इथे धूर काळा नव्हता, उलट पातळ व्हायचा. म्हणजे डिझेलच कमी पडत होतं.

बिनलोडाचं इंजिन तासाला साधारण लिटरभर डिझेल पितं. पूर्ण लोडवर याच ट्रॅक्टरला नऊ-दहा लिटर लागतं. म्हणून तुंबलेला फिल्टर गॅरेजमध्ये कळत नाही, शेतात कळतो. मिस्त्रींनी आधी टाकीचं झाकण सैल करून ट्रॅक्टर चालवायला लावला. झाकणाचं छिद्र बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि डिझेल ओढलं जात नाही. फरक पडला नाही. मग हातपंप मारला. फिल्टरच्या आधी जाड धार, नंतर दोरीएवढी. फिल्टर कापला तेव्हा आतला कागद काळा, चिकट निघाला. डिझेल उघड्या कॅनमधून भरलं जायचं.

नवे फिल्टर बसले, एअर काढली. मी निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात शेतातून फोन आला: पुन्हा बंद.

मला तिथे काळजी वाटली, कारण यानंतर बहुतेक ठिकाणी इंजेक्शन पंप उतरवायला घेतात आणि हजारोंचं बिल होतं. मिस्त्री पंपाला शिवले नाहीत. शेतात जाऊन त्यांनी फीड पंपाकडे येणाऱ्या पाइपच्या जागी पारदर्शक नळी जोडली. लोडवर तीत बारीक बुडबुडे धावताना दिसले. फीड पंपाच्या पुढे गळती असली तर डिझेल बाहेर ठिबकतं आणि बोटाला लागतं. टाकी आणि फीड पंपाच्या मधली गळती मात्र हवा आत ओढते. बाहेर कोरडंच राहतं. याच टप्प्यात, तपासणीत उघडलेल्या एका बोल्टला जुनाच तांब्याचा वॉशर परत लावला होता. त्यावर चर पडली होती.

नवा वॉशर लावून पुन्हा एअर काढली: फिल्टरवरचा स्क्रू सैल, हातपंप, फेस संपून सलग डिझेल येईपर्यंत. मग पुन्हा नांगर लावला. वीस मिनिटं झाली, तरी मालकाने नांगर उचलला नाही. मिस्त्री धुराड्याकडे पाहत बांधावर उभे होते.