श्लोक एक, ओव्या तीनशे

‘गीतेत असे सांगितले आहे’ असे म्हणून आपल्याकडे पुष्कळदा जे सांगितले जाते, ते गीतेत नसून ज्ञानेश्वरीत असते. ऐकणारा ते गीतेचेच म्हणून घरी नेतो. यात ज्ञानेश्वरीला कमीपणा येत नाही. पण कोणाचे म्हणणे कोणाच्या नावावर जमा होते याचा हिशेब बिघडतो. हा हिशेब कसा मांडावा, ते तेराव्या अध्यायातील एका श्लोकावरून आम्ही येथे दाखवू इच्छितो.

हा श्लोक काही प्रतींत सातवा तर काहींत आठवा येतो, कारण अध्यायाच्या आरंभी अर्जुनाच्या तोंडचा एक श्लोक काही ठिकाणी जास्त आहे. ‘ज्ञान’ कशाला म्हणावे हे सांगताना त्यात नऊ गुण ओळीने मांडले आहेत: मानाची हाव नसणे, दंभ नसणे, अहिंसा, क्षमा, सरळपणा, गुरूची सेवा, शुचिता, स्थैर्य आणि मनाचा निग्रह. श्लोकात क्रियापदही नाही. नुसती यादी आहे, आणि तिची व्याख्या करण्याचे काम गीतेने पुढे कोणावर तरी सोपविले आहे.

ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत आणि गीतेचे श्लोक सातशे. म्हणजे सरासरीने श्लोकाला तेरा ओव्या येतात. या एका श्लोकाला मात्र तीनशेहून अधिक ओव्या मिळाल्या आहेत. त्यांची वाटणीही सारखी नाही. दंभ नसणे हा गुण थोडक्यात आटोपतो. गुरुसेवेला नव्वदीच्या आसपास ओव्या लागतात. आणि अहिंसा या एका शब्दाला शंभराहून अधिक. म्हणून अहिंसेचेच उदाहरण घेऊ.

प्रथम मूळ शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात तो अगदी थोडक्यात दिला आहे: प्राण्यांना पीडा न देणे. गीतेत हा शब्द आणखी तीन ठिकाणी येतो. दहाव्या अध्यायात तो भूतमात्रांच्या भावांमध्ये आहे, सोळाव्यात दैवी संपत्तीत आणि सतराव्यात शरीराच्या तपात. या चारही ठिकाणी तो यादीतला एक शब्द आहे. त्याच्यासाठी स्वतंत्र प्रकरण गीतेने कोठेही केलेले नाही. मूळ म्हणून आपल्या हाती येते ते एवढेच.

आता ज्ञानेश्वरीतील विस्तार पाहू. त्याचे सरळ दोन भाग पडतात. पहिल्या भागात ज्ञानदेव इतरांची मते सांगतात. यज्ञासाठी हिंसा करून तिलाच अहिंसा ठरविणाऱ्या मीमांसकांचे मत ते मांडतात, आणि झाडाच्या फांद्या तोडून त्यांचे कुंपण त्याच झाडाभोवती घालावे तसे हे झाले, अशी त्याची संभावना करतात. मग आयुर्वेदाकडे वळतात: एका जीवाला वाचविण्यासाठी दुसऱ्या जीवाचा घात, मुळासकट उपटलेल्या वनस्पती, साली सोललेली झाडे. पुढे लोकांची घरे मोडून बांधलेली देवळे येतात. जीव मरू नयेत म्हणून पाणी गाळणारे आणि त्या गाळण्यातच मरणारे जीवही येतात.

दुसऱ्या भागात त्यांचे स्वतःचे मत येते. खऱ्या अहिंसकाचे चालणे कसे, पाहणे कसे, बोलणे कसे, त्याचे हात काय करतात, हे एकेक अवयव घेऊन ते दाखवितात. पाण्यावरची लहर न मोडता पाऊल टाकणारा बगळा, कमळातील केसर चुरडेल या भीतीने हळूच बसणारा भुंगा, पिलाला दातांत धरूनही दात न लागू देणारी मांजर हे दृष्टांत येथलेच. शेवटी सर्व अवयवांचे मूळ मनात आहे, उगमच आटला तर ओघात पाणी कोठून येणार, असे सांगून ते थांबतात.

यातील मूळ किती आणि वाढ किती? एक साधी कसोटी लावता येते. ओव्यांचा एखादा गट बाजूला ठेवावा आणि श्लोकातील शब्दाचा अर्थ तेवढ्याने अपुरा राहतो का ते पाहावे. बगळा आणि भुंगा बाजूला ठेवले तरी ‘पीडा न देणे’ तसेच उरते. म्हणजे ते दृष्टांत अर्थात भर घालीत नाहीत, तो डोळ्यांसमोर उभा करतात. त्यांना आम्ही उजेड म्हणू. यज्ञ आणि आयुर्वेद यांच्यावरील टीका बाजूला ठेवली तरीही शब्द तसाच राहतो. परंतु ही टीका म्हणजे नुसता उजेड नव्हे. ते नवे विधान आहे. या श्लोकात यज्ञाचा उल्लेखही नाही, आणि तिसऱ्या अध्यायात तर गीता यज्ञाचा पुरस्कार करते. तेव्हा ‘यज्ञातील हिंसेचा निषेध गीतेने या श्लोकात केला’ असे कोणी म्हटले तर ते चूक आहे. तो विचार तेराव्या शतकातील ज्ञानदेवांचा आहे, आणि त्याचे श्रेय त्यांनाच दिले पाहिजे.

येथे एक शंका येईल. एवढा विस्तार ज्ञानदेवांनी अर्थ म्हणूनच केला नसेल कशावरून? याचे उत्तर त्यांच्याच ग्रंथात आहे. सोळाव्या अध्यायात हाच शब्द पुन्हा आला, तेव्हा त्यांनी तो एका ओवीत संपविला. शरीराने, वाणीने आणि मनाने जगाच्या सुखाच्या हेतूने वागणे ही अहिंसा, एवढाच तिचा आशय. शब्दाचा अर्थ सांगायला त्यांना एक ओवी पुरत होती. तेव्हा तेराव्या अध्यायातील शंभर ओव्यांचे काम वेगळे होते, हे उघड आहे.

पण ही एक ओवी नीट पाहिली तर आणखी एक गोष्ट हाती लागते, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. आचार्यांचा अर्थ निषेधाचा आहे: पीडा देऊ नये. ज्ञानदेवांचा अर्थ कर्तव्याचा आहे: सुख व्हावे म्हणून वागावे. कोणाला न दुखविता घरात स्वस्थ बसलेला मनुष्य पहिल्या व्याख्येत बसतो. दुसरीत बसत नाही. ही भर दृष्टांतांच्या गर्दीत नाही, ती सर्वांत आखूड ओवीत आहे. म्हणून विस्तार म्हणजे वाढ आणि संक्षेप म्हणजे मूळ, अशी ओव्या मोजून वाटणी करता येत नाही. लांब भागात पुष्कळदा जुनाच अर्थ खेळविलेला असतो आणि लहान वाक्यात नवा अर्थ येऊन जातो.

व्यासांचा मागोवा घेत आणि भाष्यकारांना वाट विचारीत आपण चाललो, असे ज्ञानदेव ग्रंथाच्या शेवटी सांगतात. वाट विचारणारा त्याच वाटेने जातो, पण पावले त्याची स्वतःची असतात. श्लोक, भाष्य आणि ओवी ही तिन्ही शेजारी ठेवून वाचली, तर वाट कोठवर एक आहे आणि पाऊल कोठे वेगळे पडले, हे संस्कृत थोडे जाणणाऱ्यालाही दिसू शकते. अहिंसेच्या बाबतीत ते पाऊल न दुखविण्यापासून सुख देण्याकडे पडले आहे. ते गीतेच्या नावावर घातले, तर ज्ञानदेवांनी मराठीत काय नवे सांगितले हेच आपल्याला दिसेनासे होते.