दीड मीटरचा हिशेब

सिमेंटच्या २४० गोण्या भरून दोन एक्सलचा एक ट्रक निघतो. गोणी ५० किलोची, म्हणजे माल १२ टन. रिकामी गाडी ६ टनांची. काट्यावर एकूण १८ टन भरतात, आणि परवानगी असते साडेअठरा टनांची. पहिल्या दुकानासमोर फाळका उघडतो, मागच्या ८० गोण्या उतरतात. गाडी ४ टनांनी हलकी होते आणि तिथेच नियमाबाहेर जाते.

हे कसं घडतं ते समजण्यासाठी एकूण वजन क्षणभर बाजूला ठेवावं लागतं. भारतात गाडीच्या एकूण वजनाला जशी मर्यादा आहे तशीच प्रत्येक एक्सललाही आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने या मर्यादा वाढवल्या. पुढच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या दोन चाकांच्या एक्सलला ७ टन आणि मागच्या जोडचाकांच्या, म्हणजे चार टायरांच्या एक्सलला साडेअकरा टन. त्यांची बेरीज बरोबर साडेअठरा. हा योगायोग नाही, आणि सगळी अडचणही इथेच आहे. पूर्ण माल भरलेल्या गाडीत मालाचा गुरुत्वमध्य एकाच जागी असेल तरच दोन्ही मर्यादा पाळल्या जातात. तो पुढे सरकला की पुढचा एक्सल जास्त भरतो, मागे सरकला की मागचा.

दोन हमालांनी खांद्यावर बांबू घेऊन मध्ये ओझं टांगलं, तर ओझं ज्याच्या जवळ त्याला जास्त भार लागतो. ट्रकच्या दोन एक्सलमध्ये वजनाची वाटणी अशीच होते. मालाचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलपासून किती पुढे आहे ते मोजायचं, त्याला दोन एक्सलमधल्या अंतराने भागायचं. मालाचा तेवढा हिस्सा पुढे जातो, उरलेला मागे.

आपल्या उदाहरणातल्या ट्रकची मापं नेहमीच्या गाड्यांशी मिळतीजुळती धरू. दोन एक्सलमध्ये ५ मीटर. हौदा ६.६ मीटर लांब, म्हणजे जवळपास २२ फुटी. तो मागच्या एक्सलच्या पुढे ४.८ मीटर आणि मागे १.८ मीटर पसरलेला. रिकाम्या गाडीचे ३.२ टन पुढे, २.८ टन मागे. गोण्या हौद्यात सारख्या पसरल्या की त्यांचा मध्य मागच्या एक्सलच्या दीड मीटर पुढे येतो. १२ टनांतले ३.६ टन पुढे जातात, ८.४ मागे. पुढचा एक्सल ६.८ टन, मागचा ११.२. दोन्ही मर्यादेत, पण जेमतेम.

आता त्या ८० गोण्या पाहू. त्या हौद्याच्या मागच्या तिसऱ्या हिश्शात होत्या आणि त्यांचा मध्य मागच्या एक्सलच्याही ७० सेंटिमीटर मागे होता. एक्सलच्या मागे लटकलेलं वजन गाडीचं तोंड उचलून धरतं. ते गेलं की तोंड खाली येतं. उरलेल्या ८ टनांचा मध्य आता २.६ मीटर पुढे आहे, त्यातले ४.१६ टन पुढच्या एक्सलवर पडतात, आणि रिकाम्या गाडीचे ३.२ धरून ७.३६ टन होतात. मर्यादेपेक्षा ३६० किलो जास्त. मागचा एक्सल मात्र ६.६४ टनांवर निवांत. रस्त्याने जाणाऱ्याला अर्धा रिकामा हौदा दिसतो, ओव्हरलोड दिसत नाही.

उपाय अवघड नाही, फक्त कंटाळवाणा आहे. केबिनच्या भिंतीलगतच्या २० गोण्या, म्हणजे १ टन, साडेचार मीटरच्या आसपास मागे नेऊन मोकळ्या जागेत लावल्या की पुढचा एक्सल साडेसहा टनांपर्यंत उतरतो. त्याहून शहाणपणाचं म्हणजे भरतानाच उतरवण्याचा क्रम डोळ्यांसमोर ठेवणं. पहिल्या गिऱ्हाइकाचा माल फाळक्याशी एकगठ्ठा रचण्याऐवजी मागून पुढे एका बाजूला लांब पट्ट्यासारखा रचता येतो. पण मग तो उतरवल्यावर गाडी एका कुशीला जड होते, म्हणून तो पट्टा मधोमध हवा, आणि मधोमध असला की हमालांना तिथवर पोचणं जिकिरीचं. म्हणूनच बहुतेक ठिकाणी २० गोण्या हलवणंच पुरतं. तेही कोणी करत नाही, कारण वाराई ठरते ती भरण्या-उतरवण्याची, आतल्या आत हलवण्याची नाही.

गोण्या निदान पसरता येतात. पोलादी पत्र्याची १० टनांची कॉइल पसरता येत नाही. ती पुढच्या भिंतीला टेकवून ठेवण्याचा मोह होतो, कारण ब्रेक दाबल्यावर ती पुढे घसरायला जागा राहत नाही. मात्र तिथे तिचा मध्य ४.१ मीटर पुढे येतो आणि पुढच्या एक्सलवर ११.४ टन पडतात. स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, पुढच्या टायरांचा भरवसा उरत नाही. उलट, मागची चाकं भक्कम म्हणून ती बरोबर त्यांच्यावर ठेवली तर मागचा एक्सल १२.८ टन होतो. आणखी १ मीटर मागे नेली तर पुढच्या चाकांवर उरतात अवघे १.२ टन. वळणावर स्टिअरिंग फिरतं, गाडी सरळ जात राहते. रात्री अशी गाडी ओळखायला सोपी असते: मागचे पाटे सपाट झालेले आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत.

कॉइलची खरी जागा पुन्हा तीच, दीड मीटर पुढे. तिथे एक्सलवर ६.२ आणि ९.८ टन येतात. मात्र आता तिच्यापुढे तीनेक मीटर मोकळी जागा आहे, आणि तिला रोखायचं काम भिंतीऐवजी पाचर, चौकट आणि साखळ्यांवर आलं. युरोपातल्या मानकानुसार पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट बल अडवता आलं पाहिजे. १० टनांच्या कॉइलसाठी ते ८ टनांच्या वजनाइतकं होतं. दोरखंड आणि ताडपत्री यांच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही.

जर्मनीत ट्रकसाठी भारवाटणीचा आलेख काढण्याची रीत आहे. आडव्या रेषेवर हौद्याची लांबी, उभ्या रेषेवर त्या जागी किती माल चालेल ते. आपल्या ट्रकचा असा आलेख काढला तर केबिनजवळ तो चार टनांच्या आसपास सुरू होतो, दीड मीटरच्या खुणेशी साडेबारा टनांचं टोक गाठतो आणि मागच्या एक्सलपाशी ८.७ टनांवर उतरतो. टोक अणकुचीदार असतं, आणि माल जरा कमी केला की जागा भराभर मोकळी होते. १० टनांना गुरुत्वमध्य सव्वा मीटरच्या पट्ट्यात कुठेही चालतो.

एक्सलमागे एवढा काटेकोरपणा का, याचं उत्तर डांबरात आहे. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑटावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक अखंड फिरवले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की एक्सलवरचं वजन वाढतं त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्ता झिजतो. साडेअकराऐवजी १२.८ टन, म्हणजे वजन अकरा टक्क्यांनी जास्त आणि झीज जवळपास दीडपट. दंडाचा हिशेब मात्र सरळ चालतो: २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार आणि जादा माल उतरवण्याचा खर्च.

आपली गाडी कुठे बसते हे शोधायला गणितही लागत नाही. कोणत्याही वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवायची, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. तीन चिठ्ठ्या मिळतात. पहिली आणि तिसरी यांची बेरीज दुसरीशी जुळायला हवी. बरंच अंतर पडलं तर दोष मालात नसतो. काट्याच्या आगेमागची जमीन उताराची असते किंवा चालकाचा पाय ब्रेकवर राहिलेला असतो.