कुकर विकला कुणी?

बाजारमंचांचा ठरलेला बचाव असतो: विक्रेता वेगळा, आम्ही फक्त मध्यस्थ. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 79 ते पुढे करतात. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉनचा हा बचाव फेटाळला. प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे झाल्यानंतरही तिथून निकषांत न बसणारे 2,265 कुकर विकले गेले होते. प्रत्येक विक्रीवर शुल्क मिळवणाऱ्याला सदोष मालापासून हात झटकता येणार नाहीत, असे प्राधिकरणाने म्हटले. ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या आणि 1 लाख रुपये दंड भरा, असा आदेश निघाला. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. दंड मला तुटपुंजा वाटतो. खरी ताकद माल परत घ्यायला लावण्यात आहे, कारण निकृष्ट कुकर स्वयंपाकघरात फुटू शकतो.

जाहिरातीतला दावा खोटा निघाला, तर त्याचा स्क्रीनशॉट आणि बिल जपा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. तसे झाले नाही, तर 1915 वर फोन करा.