जाग आली, पण अंग हलेना

पहाटे डोळे उघडतात. वर फिरणारा पंखा दिसतो, शेजारच्याचं घोरणं ऐकू येतं. पण हाक मारावी तर घशातून आवाज फुटत नाही, बोटसुद्धा हलत नाही. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. काही सेकंदांत, फार तर दोनेक मिनिटांत, अंग एकदम मोकळं होतं. १६६४ साली डच वैद्य इसब्रांड फान डीमरब्रूक यांनी पन्नाशीच्या एका बाईची हीच तक्रार नोंदवली होती: रात्री कधी सैतान, कधी मोठा कुत्रा छातीवर बसतो आणि त्याला ढकलायला हात उठत नाही.

त्या बाईला भास झाला, पण हात न उठणं अगदी खरं होतं. ठळक स्वप्नं पडतात त्या ‘रेम’ झोपेत मेंदूच्या तळाकडचा भाग मज्जारज्जूतल्या स्नायू चालवणाऱ्या पेशींना गप्प करतो. स्वप्नातलं धावणं पायांत उतरत नाही ते यामुळेच. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल मात्र चालू राहतात. स्लीप पॅरालिसिसमध्ये जाग येते, पण हा बंदोबस्त उठायचा राहून जातो. श्वास चालूच असतो; मुद्दाम खोल घ्यायला गेलं की बरगड्यांचे स्नायू साथ देत नाहीत, म्हणून जीव गुदमरतो. त्यात स्वप्नही पुरतं विरलेलं नसतं, ते समोरच्या खोलीतच दिसू लागतं.

जपानमध्ये या अनुभवाला ‘कानाशिबारी’ म्हणतात. तिथल्याच संशोधकांनी तो प्रयोगशाळेत घडवून आणला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १६ निरोगी माणसांना चार रात्री झोपवलं. रेम झोप संपून ४० मिनिटं झाली की उठवायचं, तासभर जागं ठेवायचं आणि मग पुन्हा झोपू द्यायचं, असा क्रम होता. एरवी रेम यायला झोप लागल्यापासून साधारण दीड तास जातो. इथे बहुतेक वेळा ती डोळा लागताच सुरू झाली, आणि सहा वेळा माणसं खरोखर जखडली गेली. त्या वेळी मेंदूच्या आलेखावर जागेपणीच्या लहरी होत्या आणि स्नायू मात्र पार सैल होते. भुताखेताच्या संशयाने वर्षानुवर्षं धास्तावलेल्या माणसाला दाखवावा असा हा पुरावा आहे.

तुटक झोप, जागरणं आणि पाळ्यांची नोकरी यांमुळे हा त्रास का वाढतो, तेही यावरून समजतं. उताणं झोपल्यावर तो अधिक होतो, म्हणून कुशीवर झोपून पाहावं.

अधूनमधून असं झालं तर धोका नसतो. पण दिवसाही झोप अनावर होत असेल, किंवा हसताना एकाएकी गुडघे लुळे पडत असतील, तर तो नार्कोलेप्सी हा निराळा आजार असू शकतो, निद्रातज्ज्ञांना भेटावं. आणि जाग आल्यावर एकाच बाजूचा हातपाय लुळा असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर ‘आपोआप सुटेल’ म्हणून वाट पाहू नये. तो खरा पक्षाघात असू शकतो. रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावं.