फोटो आला, प्रश्न नाही. उत्तर आलं ‘वा, मस्त!’

आज एका फोटोबद्दल बोलू या. असा फोटो तुमच्याही घरच्या ग्रुपवर आलेला असणार.

माझी भाची हैदराबादला असते. शाळेच्या क्रीडादिनी तिनं मुलाचा फोटो आमच्या ग्रुपवर टाकला. लिंबू-चमच्याची शर्यत, दातात चमचा, हात मागे बांधलेले, पोरगं अर्ध्या वाटेवर. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही. दोन मिनिटांत इंदूरच्या आत्याबाईंचं उत्तर आलं: “वा वा, मस्त! असाच पुढे जा, बाळा!” मग चार-पाच जणांचे अंगठे आणि टाळ्या. पुढे शांतता.

आता पाहा, फोटोखाली ती काहीच का लिहीत नाही? आपल्या पोराचं कौतुक आपणच कसं करायचं, ही अडचण असते. दृष्ट लागेल ही धाकधूक आपल्याकडची म्हणा, पण अडचण फक्त मराठी घरातली नाही. अनिता पोमेरांत्झ या अमेरिकी अभ्यासक माणसं रोजचं कसं बोलतात हे ध्वनिमुद्रणं ऐकून तपासतात. कुणी स्तुती केली की आपण ती सरळ घेत नाही, थोडी कमी करतो किंवा दुसरीकडे वळवतो, हे त्यांनी 1978 साली मांडलं. स्वतःची स्तुती टाळायची, हा बोलण्यातला एक न लिहिलेला नियमच आहे. नुसता फोटो टाकला की तो नियम मोडत नाही. बोलायचं ते समोरच्यानं बोलावं.

मग आत्याबाईंचं उत्तर पोकळ होतं का? मला तसं वाटत नाही. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं 1923 साली अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. माहिती देणं-घेणं हा त्याचा हेतूच नसतो, माणसं एकमेकांशी बांधलेली राहावीत एवढ्यासाठी ते असतं. रस्त्यात कुणी “काय, निघालात का?” विचारतं, तेव्हा त्याला आपला पत्ता नको असतो. ‘वा, मस्त’ त्याच घरचं. पोहोचला फोटो, आनंद झाला, एवढं ते चोख सांगतं.

मात्र त्याचा एक परिणाम होतो. हे उत्तर कुठल्याही फोटोला चालतं, वाढदिवसाला आणि नव्या स्कूटरलाही. त्याला धरून पुढे बोलायला काही उरत नाही. भाची फार तर हात जोडलेलं चित्र टाकेल आणि विषय मिटेल.

त्या दिवशी तासाभरानं बडोद्याच्या मामांनी लिहिलं, “बाकीची पोरं पुढे बघतायत, याची नजर लिंबावरनं हटत नाहीये!” आणि भाचीची बोटं सुटली. “हो ना मामा! गेल्या वर्षी पहिल्याच पावलाला लिंबू पडलं आणि हा रडत माझ्याकडे आला. यंदा पळणारच नाही म्हणत होता. पंधरा दिवस घरात छोटा बटाटा घेऊन चालला. शेवटून दुसरा आला, पण लिंबू पाडलं नाही!”

मामांनी प्रश्न विचारलाच नव्हता. पोमेरांत्झबाईंचा 1980 चा एक लेख नेमका यावर आहे. आपल्याला बाहेरून जेवढं दिसलं तेवढंच सांगायचं. आतलं ज्याला ठाऊक असतं तो उरलेलं आपण होऊन सांगतो. “तुमचा फोन मघापासून एंगेज लागत होता” म्हटलं की समोरचा कुणाशी बोलत होता ते बहुतेक वेळा सांगून टाकतो. सांगायचं नसेल तर नुसतं “हो का?” म्हणूनही सुटू शकतो. सरळ प्रश्नात ही मोकळीक नसते. समजा, मामांनी “कितवा आला?” विचारलं असतं. भाचीला आधी ‘शेवटून दुसरा’ लिहावं लागलं असतं, आणि बटाट्याची गोष्ट सबब वाटली असती. शर्यतीच्या मधला फोटो निवडणाऱ्याला नंबर सांगायचा नसेलही. बक्षिसाचा असता, तर तोच आला असता.

दिसलेली गोष्ट फोटोत खरोखर हवी, एवढं मात्र पाहायचं. “किती जोरात पळतोय!” असं मामांनी लिहिलं असतं, तर भाचीला वाटलं असतं, फोटो उघडलाच नाही यांनी. लिंबू-चमच्यात जोरात पळतं कोण!

चाळीस जणांच्या ग्रुपवर प्रत्येकानं असं निरखून लिहावं, असं मी म्हणणार नाही. तिथे एक मामा पुरतात, बाकीच्यांच्या टाळ्या चालतात. तोच फोटो भाचीनं फक्त तुम्हाला वेगळा पाठवला, तर गोष्ट निराळी. तिथे दुसरं कुणी लिहिणारं नसतं. तुमच्या ‘मस्त’नंतर लगेच आणखी एक फोटो आला, किंवा “गेल्या वर्षी आठवतंय ना?” एवढंच आलं, तर तिचं सांगायचं अजून राहिलंय असं समजा.