२३४८ चा खरा पत्ता

ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात एक गणित हमखास येतं. पेज १ केबीचं आहे. पेज टेबल सांगतं की पेज ० फ्रेम ५ मध्ये, पेज १ फ्रेम २ मध्ये आणि पेज २ फ्रेम ७ मध्ये आहे. पेज ३ मेमरीत नाही. लॉजिकल अ‍ॅड्रेस २३४८ चा फिजिकल अ‍ॅड्रेस काढा.

प्रोग्रामला वाटतं, आपली सगळी मेमरी शून्यापासून सलग मांडलेली आहे. प्रत्यक्षात तिचे सारख्या मापाचे तुकडे, म्हणजे पेजेस, रॅममधल्या मोकळ्या फ्रेम्समध्ये विखुरलेले असतात. म्हणून आधी २३४८ ला १०२४ ने भागायचं. भागाकार २, बाकी ३००. म्हणजे पेज २ मधली, सुरुवातीपासून ३०० बाइट पुढची जागा. टेबलात पेज २ समोर फ्रेम ७ आहे. ७ गुणिले १०२४ म्हणजे ७१६८, त्यात ३०० मिळवले की ७४६८. झालं उत्तर.

चूक होते ती बहुधा केबीपाशी. एक केबी म्हणजे हजार धरलं, तरी पेज २ च येतं, त्यामुळे संशयही येत नाही. बाकी मात्र ३४८ निघते आणि उत्तर ७३४८ होतं. ते पकडायला सोपी युक्ती आहे. पेजमधली जागा, म्हणजे ऑफसेट, कधीच बदलत नाही. म्हणून मिळालेल्या उत्तराला पुन्हा १०२४ ने भागून पाहावं. ७४६८ ची बाकी ३०० च येते, ७३४८ ची १८० येते.

गंमत म्हणजे प्रोसेसर हा भागाकार करतच नाही. बायनरीत २३४८ म्हणजे १०-०१००१०११००. शेवटचे दहा बिट ऑफसेटचे, कारण १०२४ म्हणजे दोनाचा दहावा घात. हार्डवेअर ते जसेच्या तसे ठेवतं आणि पुढचे १० काढून तिथे ७ चे १११ बसवतं: १११-०१००१०११००, म्हणजेच ७४६८. पेजचं माप दोनाच्या घातात ठेवतात ते याचसाठी. हजाराचं पेज असतं तर मेमरीला हात लावताना दर वेळी खराखुरा भागाकार करावा लागला असता. मँचेस्टरच्या १९६२ च्या अ‍ॅटलस संगणकातही पेज ५१२ शब्दांचं होतं, म्हणजे दोनाचा नववा घात.

परीक्षक कधी ३५०० देतात. भागाकार ३, बाकी ४२८. पण पेज ३ मेमरीतच नाही. इथे आकडा लिहायचा नसतो, ‘पेज फॉल्ट’ लिहायचं असतं. मग ऑपरेटिंग सिस्टीम ते पेज डिस्कवरून मोकळ्या फ्रेममध्ये आणते, टेबलात तो फ्रेम नोंदवते आणि अडलेली सूचना पुन्हा चालवते. ते समजा फ्रेम ४ मध्ये आलं, तर या खेपेला ३५०० चा पत्ता ४५२४ निघतो.